चालताना छातीत गच्च होतंय: कार्डिओलॉजिस्टसाठी चिठ्ठी कशी लिहावी

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी लिहिलेली एक चिठ्ठी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लेटरहेडवर एकच ओळ होती: ‘छातीत दुखते, ईसीजी नॉर्मल, कृपया तपासून पुढील उपचार व्हावेत.’ दोन दिवसांनी पेशंट तीच चिठ्ठी घेऊन परत आला. कार्डिओलॉजिस्ट साहेबांनी माझ्या ओळीखाली पेनाने दोनच शब्द लिहिले होते: ‘कधी दुखतं?’

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी फार सभ्यपणे विचारलं. चालल्यावर, जिना चढल्यावर किंवा ओझं उचलल्यावर छातीत काहीतरी होतं आणि थांबलं की जातं, अशा तक्रारीत निदानाचा मोठा भाग पेशंटच्या बोलण्यातच असतो. ते बोलणं ऐकायला फॅमिली डॉक्टरकडे वेळ असतो, ओळख असते आणि भाषाही असते. तज्ज्ञाकडे बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. आपण ऐकलेलं नीट लिहून पाठवलं नाही, तर पेशंटला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर घाबरून तो हमखास म्हणतो, “काही नाही साहेब, पित्त आहे.”

म्हणून इथे मी एकाच पेशंटची चिठ्ठी धरून पुढे जातो. माणूस खरा नाही. अशा दहा-बारा जणांवरून मनात जुळवलेला आहे, पण सोलापुरात प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला असेल. वय ५६, यंत्रमागावर टॉवेल विणणारा, पूर्व भागात राहणारा, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारा. मधुमेह सात वर्षांपासून. तंबाखू-चुना तीस वर्षांपासून.

आधी शब्द पकडा

हा पेशंट मुलाबरोबर आला. मुलगा म्हणाला, “बाबांच्या छातीत दुखतंय.” मी बाबांना विचारलं, “दुखतंय का?” ते म्हणाले, “नाही.” मुलगा वैतागला. मग बाबांनी मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवली आणि मुलाला सांगितलं, “नोप्पी लेदु, बरुवु.” म्हणजे दुखत नाही, ओझं वाटतं. मुलाने त्याचं भाषांतर पुन्हा ‘दुखतंय’ असंच केलं.

अंजायना असलेले बरेच पेशंट ‘दुखणं’ हा शब्द वापरतच नाहीत. आपल्याकडे ते म्हणतात गच्च होतं, दाटतं, भरून येतं, आवळल्यासारखं होतं, जळजळतं. कुणी नुसतंच ‘दम लागतो’ म्हणतो. त्यामुळे ‘छातीत दुखतं का?’ असं विचारू नये. ‘चालताना, चढताना छातीत, गळ्यात, जबड्यात किंवा हातात काही होतं का?’ असं विचारावं. जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दात चिठ्ठीत लिहावं. चिठ्ठी आपण इंग्रजीतून लिहितो हे खरं, पण एक शब्द अवतरणात तसाच ठेवला तर काही बिघडत नाही. ‘गच्च’ हा शब्द वाचला की सोलापुरातल्या कुठल्याही कार्डिओलॉजिस्टचे कान टवकारतात.

हातांकडेही लक्ष ठेवा. मूठ किंवा अख्खा तळवा छातीच्या मधोमध ठेवणारा पेशंट आणि एका बोटाने डाव्या स्तनाखाली ‘इथे, बरोबर इथे’ दाखवणारा पेशंट, या दोघांत फरक असतो. बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर दुखणारी, टोचून क्षणात जाणारी वेदना हृदयाची असण्याची शक्यता कमी असते. कमी म्हणजे शून्य नाही, पण चिठ्ठीत ते लिहायला हवं.

आता तीन गोष्टी पाहायच्या. अस्वस्थता छातीच्या मध्यभागी आणि दाबल्यासारखी आहे का? श्रमाने किंवा मनाच्या ताणाने येते का? थांबल्यावर किंवा जिभेखालच्या गोळीने काही मिनिटांत जाते का? तिन्ही जुळल्या तर ती ठरावीक अंजायना. दोन जुळल्या तर तितकी ठरावीक नाही. एक किंवा एकही नाही, तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावं लागतं. या तिन्हींची उत्तरं चिठ्ठीत वेगवेगळी दिसली पाहिजेत. नुसतं ‘टिपिकल अंजायना’ लिहिलं तर तो आपला निष्कर्ष झाला. तो कशावरून काढला हे वाचणाऱ्याला कळत नाही.

तिसऱ्या प्रश्नात एक गंमत होते. आमचे बाबा रोज सकाळी सायकलने कारखान्यात जातात. वाटेतला चढ अर्धा झाला की बऱ्याचदा छाती गच्च होते. मग ते उतरतात, पानटपरीवर सोडा पितात, ढेकर देतात आणि चार-पाच मिनिटांत बरं वाटतं. गेले चार महिने त्यांच्या मते ते सोड्यामुळे. खरं तर ते टपरीपाशी थांबले म्हणून. श्रेय मात्र सोड्याला गेलं आणि ‘पित्त’ हे निदान घरात पक्कं झालं. म्हणून एक प्रश्न आवर्जून विचारायचा: सोडा न पिता नुसतं उभं राहिलात तर काय होतं? बाबा थोडं थांबून म्हणाले, “तवाबी जातंय की.” चिठ्ठीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य यातून मिळालं.

उलट बाजूही सांगतो. जिभेखालच्या गोळीने आराम पडला म्हणजे हृदयच, असंही नाही. अन्ननलिकेच्या आकडीलाही त्या गोळीने आराम पडतो. गोळीवरून निदान करायला जाऊ नये.

अंतर, जिने, मिनिटं

‘श्रमाने दम लागतो’ या वाक्याचा तज्ज्ञाला उपयोग नाही. किती श्रमाने, ते हवं. हृदयरोगात श्रमाची मर्यादा मोजायला कॅनडाच्या सोसायटीची चार पायऱ्यांची पद्धत वापरतात. पहिल्या पायरीत रोजच्या चालण्याने काही होत नाही, फक्त जोरकस किंवा लांबलेल्या कामाने होतं. दुसरीत भरभर चालणं, चढ, जेवणानंतर किंवा थंडीत चालणं, एकापेक्षा जास्त मजले चढणं यात त्रास होतो. तिसरीत सपाटीवर शे-दोनशे मीटर गेलं किंवा नेहमीच्या गतीने एक मजला चढलं तरी होतो. चौथीत कुठलंही काम त्रासाशिवाय होत नाही, कधी बसल्या जागीही होतो.

पेशंटला पायरी विचारता येत नाही. त्याच्या रोजच्या रस्त्यातल्या खुणा विचाराव्या लागतात. सिद्धेश्वर मंदिराला जाता का? तळ्याच्या कडेने फेरी मारता का, मध्ये थांबावं लागतं का? माळ्यावर सुताचं बाचकं चढवता का? बाबांनी सांगितलं की सपाट रस्त्यावर हळू चाललं तर काही होत नाही. सायकलवर चढ लागला की होतं. बाचकं घेऊन माळ्यावर गेलं की होतं. आणि जेवून लगेच निघालं तर नेहमीपेक्षा लवकर होतं. ही दुसरी पायरी.

विडी वळणाऱ्या बायकांच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. दिवसभर मांडी घालून सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला ‘काम करताना त्रास होतो का?’ विचारलं तर ती ‘नाही’च म्हणणार, कारण तिचं कामच बसून आहे. वळलेल्या विड्या जमा करायला चालत जाताना काय होतं, पाण्याची घागर घेऊन जिना चढताना काय होतं, ते विचारावं लागतं. त्यातून ‘पूर्वी एका दमात जायचे, आता दोनदा बसते’ असं वाक्य येतं. बाईच्या चिठ्ठीत ते वाक्य जास्तच जपून लिहा. छातीऐवजी जबडा, पाठ, थकवा किंवा दम असं काही ती सांगत असेल तर तेही तसंच जाऊ द्या.

चिठ्ठी लिहायची की अँब्युलन्स बोलवायची

पेन उचलण्याआधी हे ठरलं पाहिजे. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: गेल्या महिन्याभरात यात काही बदललं का?

बाबा म्हणाले, चार महिन्यांपूर्वी सुरू झालं, तेव्हाही चढावरच, आताही चढावरच. आठवड्यातून तीन-चारदा. रात्री झोपेत कधी नाही, बसल्या जागी कधी नाही. हे स्थिर आहे. इथे चिठ्ठी लिहायची आणि दोन आठवड्यांच्या आत दाखवायला सांगायचं.

समजा त्यांनी असं सांगितलं असतं: ‘आधी चढावर व्हायचं, या आठवड्यात घरातून संडासापर्यंत गेलो तरी होतंय.’ किंवा ‘काल रात्री बसल्या बसल्या अर्धा तास होतं, घाम फुटला.’ बाकी सगळं तेच, फक्त हे एक वाक्य वेगळं. मग दोन आठवड्यांची चिठ्ठी लिहायचीच नाही. त्रास कमी श्रमाने होऊ लागणं, विश्रांतीत येणं, वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकणं, नव्यानेच सुरू होऊन थेट तिसऱ्या पायरीवर पोचणं, यातलं काहीही असलं तर ती अस्थिर अंजायना किंवा सुरू झालेला झटका समजायचा आणि त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटलला पाठवायचं. श्रमात चक्कर येऊन पडणं हेही त्याच यादीत. १०८ ला फोन करायचा, रक्तस्रावाचा धोका किंवा अ‍ॅलर्जी नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायची, ईसीजी काढायचा. पण ईसीजी नॉर्मल आला म्हणून थांबायचं नाही. अशा वेळी सोबत चार ओळींचा कागद पुरतो: किती वाजता सुरू झालं, काय दिलं, किती वाजता दिलं.

मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसवून पाठवू नका. हे लिहावं लागतंय कारण आपल्याकडे असं सर्रास होतं.

तपासणीत काय पाहिलं, ते लिहा

नाडी, दोन्ही हातांचं बीपी, वजन, पायांवरची सूज, फुप्फुसांचा आवाज ही नेहमीची यादी सगळ्यांना येते. त्यात दोन गोष्टींवर मी जास्त वेळ घालवतो.

पहिली म्हणजे हृदयाचा आवाज. छातीच्या उजव्या बाजूला वरच्या भागात स्टेथोस्कोप ठेवून खरखरीत मर्मर ऐकू येते का आणि ती मानेकडे जाते का, हे शांतपणे ऐकायचं. पंखा बंद करून ऐकायचं. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करणं म्हणजे पेशंटची परीक्षा आहे, पण अर्धा मिनिट चालतं. मुख्य झडप आक्रसलेली असली तरी श्रमाने छातीत हेच सगळं होतं. झडप फार आक्रसलेल्या आणि त्रास होत असलेल्या पेशंटला टीएमटीच्या पट्ट्यावर पळवणं धोक्याचं आहे. त्याला आधी टूडी इको लागतो. मर्मर ऐकू आली तर चिठ्ठीत ठळक लिहा. आली नाही तर ‘मर्मर नाही’ असंही लिहा, म्हणजे तुम्ही ऐकलं होतं हे कळतं.

दुसरी म्हणजे रक्त. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहा आणि हिमोग्लोबिन करा. सहा-सात हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या अरुंद नळ्या एरवी निभावून नेतात ते अशा वेळी निभावत नाहीत. हिमोग्लोबिन वाढल्यावर त्रास निम्म्यावर आलेले पेशंट मी पाहिले आहेत. शिवाय अ‍ॅस्पिरिन सुरू करण्याआधी रक्त कुठून जातंय हे कळायला हवं.

रक्ताच्या बाकी तपासण्यांत मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी, लिपिड आणि क्रिएटिनिन पुरतात. क्रिएटिनिनचं कारण सरळ आहे. पुढे अँजिओग्राफी झाली तर त्यातला रंग मूत्रपिंडावाटे बाहेर जातो. पेशंट मेटफॉर्मिनवर असेल तर ती चालू ठेवायची की थांबवायची, हेही मूत्रपिंडाच्या कामावरच ठरतं. रिपोर्ट सोबत असला की एक फेरी वाचते.

ईसीजीची पट्टी

चिठ्ठीत ‘ईसीजी नॉर्मल’ एवढंच लिहिणं ही माझी जुनी सवय होती. स्थिर अंजायना असलेल्या जवळजवळ निम्म्या पेशंटचा विश्रांतीतला ईसीजी नॉर्मलच असतो. त्यामुळे हे दोन शब्द वाचून कुणी निश्चिंत झालं तर घोटाळा होतो. पेशंट तर होतोच. “ईसीजी चांगला आलाय म्हणे,” असं म्हणून तो तज्ज्ञाकडे जायचंच टाळतो. म्हणून चिठ्ठीत असं लिहा: ‘विश्रांतीत, त्रास नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल.’ आणि पेशंटला तोंडी सांगा की बंद गाडीचं इंजिन बघून चढावर ती चढेल की नाही ते कळत नाही.

पट्टी सोबत द्या. पण मूळ पट्टी देऊ नका. बऱ्याच मशीनचा कागद उष्णतेने काळा पडणारा असतो. स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेली पट्टी आपल्या उन्हात करपते, आणि वरून चिकटवलेल्या टेपखाली रेघा पुसट होत जातात. एकदा पेशंटने दाखवलेला जुना ईसीजी म्हणजे नुसता राखाडी कागद होता. तेव्हापासून मी पट्टी काढली की लगेच झेरॉक्स काढतो आणि मोबाइलवर फोटोही घेतो. पट्टीवर नाव, तारीख, वेळ आणि ‘त्रास होता / नव्हता’ हे हाताने लिहितो. मशीनची गती २५ मिलिमीटर प्रतिसेकंद आणि उंची १० मिलिमीटर प्रतिमिलिव्होल्ट आहे ना, तेही बघतो. अर्ध्या उंचीवर काढलेल्या पट्टीत खरे बदलसुद्धा लहान दिसतात. जुना ईसीजी मिळाला तर तो नव्याच्या शेजारी ठेवून झेरॉक्स काढा.

एक सूचना: डावीकडचा बंडल ब्रँच ब्लॉक किंवा आधीपासूनच खाली गेलेला एसटी भाग असेल तर टीएमटीचा निकाल वाचता येत नाही. डिगॉक्सिन घेणाऱ्याचंही तसंच. गुडघे धरलेल्या माणसाला तर पट्ट्यावर चालताच येत नाही. यातलं काही असेल तर एका ओळीत लिहा, म्हणजे साहेब पहिल्याच भेटीत दुसरी तपासणी ठरवतात.

औषधं: जी चालू आहेत आणि जी तुम्ही सुरू केलीत

‘मधुमेहाच्या गोळ्या चालू’ असं लिहू नका. नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे सगळं लिहा. पेशंटला सांगा की पाकिटं पिशवीत घालून आणा. त्या पिशवीतून तुम्ही न दिलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्याही निघतात. अ‍ॅस्पिरिनबरोबर त्या पोटात रक्तस्राव करू शकतात.

तज्ज्ञांची भेट होईपर्यंत काय द्यायचं, यावर डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात. मी काय करतो ते सांगतो. कथा ठरावीक अंजायनाची असेल आणि अल्सर किंवा रक्तस्राव झालेला नसेल तर अ‍ॅस्पिरिन ७५. मधुमेही आहे म्हणून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. दमा नसेल आणि नाडी ऐंशीच्या पुढे असेल तर मेटोप्रोलॉल २५. बीटा ब्लॉकरमुळे नाडी हवी तितकी चढत नाही आणि टीएमटीचा निकाल अर्धवट राहू शकतो. म्हणून कुठल्या तारखेपासून चालू केली ते चिठ्ठीत लिहितो आणि टीएमटीआधी थांबवायची का, हा निर्णय त्यांच्यावर सोडतो. पेशंटने ती स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नये, हे मी दोनदा सांगतो.

जिभेखालची सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम प्रत्येकाला देतो, पण आधी एक प्रश्न विचारतो, आणि तो नातेवाइकांना बाहेर पाठवून. ताकदीची गोळी घेता का? सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांत आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तासांत नायट्रेट दिलं तर बीपी धोकादायक खाली जातं. बायको-मुलासमोर विचारलं तर छप्पन्न वर्षांचा माणूस ‘नाही’च म्हणणार. बाबांना एकटं विचारल्यावर ते हसले आणि नाही म्हणाले. तेही चिठ्ठीत गेलं.

गोळी कशी घ्यायची ते मी करून दाखवायला लावतो. आधी बसायचं, उभ्याने घ्यायची नाही. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. पाच मिनिटांत गेलं नाही तर दुसरी. दुसरीनंतरही पाच मिनिटांत गेलं नाही तर १०८.

प्रश्न विचारा

चिठ्ठीच्या शेवटी ‘कृपया योग्य ते करावे’ असं लिहिलं की तज्ज्ञ त्यांना योग्य वाटेल ते करतात आणि आपल्याला उत्तर मिळत नाही. आपल्याला काय हवंय ते विचारायला लाजू नये. हा त्रास हृदयाचाच आहे का? कुठल्या तपासणीने ठरवायचं? तोपर्यंत त्याने कामावर जावं का? कुणाची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरलेली असते, कुणाला पंढरपूरची पायी वारी करायची असते. तो प्रश्न थेट लिहा.

बाबांची चिठ्ठी अशी झाली. आपण ती इंग्रजीत पाठवतो. इथे मजकुराकडे लक्ष जावं म्हणून मराठीत देतो.

‘मा. डॉक्टर साहेब,

पुरुष, ५६ वर्षे, यंत्रमाग कामगार. दोन आठवड्यांत भेट मिळावी ही विनंती.

चार महिन्यांपासून श्रमाने छातीच्या मध्यभागी “गच्च” होतं, ओझं ठेवल्यासारखं. तेलुगू भाषक आहेत, “दुखतं का” विचारल्यास नाही म्हणतात. सायकलवर चढ चढताना, ओझं घेऊन माळ्यावर जाताना आणि जेवणानंतर चालताना होतं. सपाटीवर हळू चालल्यास होत नाही. नुसतं थांबल्यावर चार-पाच मिनिटांत जातं. आठवड्यातून तीन-चार वेळा. जबड्यात किंवा हातात जात नाही. गेल्या महिन्यात वाढ नाही. विश्रांतीत किंवा झोपेत कधीही नाही. चक्कर, धडधड नाही. श्रमाची मर्यादा: दुसरी पायरी.

मधुमेह सात वर्षे, एचबीए१सी ८.४. तंबाखू-चुना तीस वर्षे, चालू. मोठ्या भावाला ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका. दमा, अल्सर, रक्तस्राव, औषधाची अ‍ॅलर्जी नाही.

नाडी ८८ नियमित. बीपी उजवा हात १४८/९२, डावा १४६/९०. मर्मर नाही, सूज नाही, फुप्फुसं स्वच्छ, पायांच्या नाड्या लागतात. हिमोग्लोबिन १२.९, क्रिएटिनिन १.१, एलडीएल १४२. त्रास नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल, झेरॉक्स सोबत. पट्ट्यावर चालता येईल.

आधीपासून: मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, ग्लिमेपिराइड १ सकाळी. आजपासून: अ‍ॅस्पिरिन ७५, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल २५ सकाळी, गरज पडल्यास सॉर्बिट्रेट ५ जिभेखाली. सिल्डेनाफिल व तत्सम गोळ्या घेत नाहीत, एकट्यात विचारलं आहे.

मला ही स्थिर अंजायना वाटते. कृपया कळवावे: निदानाशी आपण सहमत आहात का व कोणती तपासणी करावी, टीएमटीआधी मेटोप्रोलॉल थांबवावी का, तोपर्यंत बारा तासांच्या पाळीला जावे का. सध्या ओझं उचलणं व सायकल बंद ठेवायला सांगितलं आहे.’

एवढंच. एका पानात बसतं. घाई किती आहे ते वरच्या ओळीत, प्रश्न शेवटच्या परिच्छेदात. मधलं कुणी वाचलं नाही तरी या दोन जागा वाचल्या जातात.

चिठ्ठी हातात देताना

बंद पाकिटात चिठ्ठी दिली की पेशंटला वाटतं आत काहीतरी भयंकर आहे, किंवा काहीच नाही. मी ती उघडी देतो आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवतो. मुलाच्या मोबाइलवर फोटो काढायला लावतो, कारण चिठ्ठ्या हरवतात. कुणाकडे पाठवतोय, तिथे काय काय होईल, कशाला पैसे लागतील, हेही बोलतो. अँजिओप्लास्टीपर्यंत गेलं तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना कामी येऊ शकते. त्यासाठी योजनेत असलेलं हॉस्पिटल निवडावं लागतं, म्हणून रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी पिशवीत ठेवायला सांगतो. ज्याला खासगी झेपणार नाही त्याला सरळ सिव्हिलच्या ओपीडीचा रस्ता दाखवतो. चिठ्ठी तीच असते.

मग माझ्या वहीत तारीख. चिठ्ठी दिली तो दिवस, आणि दहा दिवसांनंतरचा फोन करायचा दिवस. हा फोन करायला लागल्यावर कळलं की किती जण गेलेलेच नसतात. कुणाला पगार व्हायचा असतो, जानेवारी असेल तर गड्ड्याची यात्रा असते, कुणाला तर गोळ्यांनीच बरं वाटू लागलेलं असतं. बाबाही गेले नव्हते. “आता चढावर बी होत नाही,” असं म्हणाले. सायकल बंद ठेवायला सांगितलं होतं, पण मेटोप्रोलॉलने आराम पडला म्हणून त्यांनी ती पुन्हा सुरूही केली होती. मुलाला दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन दिली.

उत्तर आठवड्याने आलं, माझ्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला. टीएमटी साडेपाच मिनिटांत थांबवावी लागली, छाती गच्च झाली आणि एसटी दोन मिलिमीटर खाली गेला. मेटोप्रोलॉल चालू असताना. मग हाताच्या नाडीतून अँजिओग्राफी झाली, समोरच्या मोठ्या धमनीत एक अडथळा निघाला, स्टेंट बसला. खाली दोन ओळी माझ्यासाठी होत्या: रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या सहा महिने, आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायलासुद्धा बंद करू नयेत. कामावर चार आठवड्यांनी, ओझं उचलणं त्यानंतर ठरवू.

ते पान मी बाबांच्या फाइलला टाचलं. मेटफॉर्मिन पुन्हा कधी सुरू करायची ते मात्र त्यात नव्हतं. तेवढ्यासाठी फोन करावा लागला.